‘चोवीस इंची’ : एका पाटीवरून झालेला आमचा वाद

लाखनीच्या उड्डाणपुलाच्या बाजूने सर्व्हिस रोडने जाताना एका टिनाच्या शेडवर पाटी दिसते – ‘चोवीस इंची सायकल दुरुस्ती केंद्र’. खाली मालकाचे नाव नाही, आडनाव नाही, कोणा देवाचे चित्र नाही, महापुरुषाचेही नाही. फक्त मोबाईल क्रमांक आणि ‘मंगळवार बंद’ एवढेच. हे दुकान आपल्या समाजातल्या एका तरुणाचे आहे. पाटी लागल्यापासून बरेच कार्यकर्ते आम्हाला विचारतात की, आपला शिकलेला पोरगा, धंद्यात उतरला ही चांगलीच गोष्ट, पण हे असले कसले नाव? तुम्ही त्याला काही सांगितले नाही का?

सांगितले होते. चांगले दोन तास सांगितले होते. आणि त्या दोन तासांत आम्ही जे जे बोललो त्यातले बरेचसे चूक होते, असे आज आमचे मत झाले आहे. वाद विहारात झाला आणि दहा-बारा जणांसमोर झाला. म्हणून त्याची दुरुस्तीही चार लोकांसमोरच करावी, यासाठी हे लिखाण. मुलाचे आणि त्याच्या गावाचे नाव इथे देत नाही. त्याची तशी इच्छा आहे.

वाद काय होता?

हा तरुण लाखनीपासून आठेक किलोमीटरवरच्या गावचा. आयटीआय फिटर. चार वर्षे नागपूरला एका सायकलच्या दुकानात कामाला होता. वडील वारल्यावर आई एकटी पडली, म्हणून परत आला. मोटारसायकलचे गॅरेज टाकायला भांडवल नव्हते आणि सायकलचे काम हातात होते. लाखनीत आजूबाजूच्या खेड्यांतून शाळा-कॉलेजला येणाऱ्या पोरीपोरांच्या सायकली भरपूर. शेड भाड्याने मिळाले. राहिले ते नाव.

दुकान उघडण्याच्या आदल्या रविवारी त्याने विहारात सहज विषय काढला आणि सगळेच सल्लागार झाले. एकाचे म्हणणे, ‘स्टार’, ‘न्यू इंडिया’ असे काहीतरी ठेव, कुठल्या समाजाचे दुकान आहे हे कळायला नको, गिऱ्हाईक तुटते. दुसऱ्याचे म्हणणे, वडिलांची सायकल अ‍ॅटलस होती ना, मग ‘अ‍ॅटलस सायकल सेंटर’ ठेव. आमचे म्हणणे तिसरे होते. आम्ही म्हणालो की, ओळख लपवण्याचा सल्ला हा गुलामीचा सल्ला आहे. नाव द्यायचे तर बाबासाहेबांचे द्या, नाहीतर निदान विचार कळेल असे द्या.

त्याने सगळ्यांचे ऐकून घेतले आणि म्हणाला, “माह्या मनात ‘चोवीस इंची’ आहे. बाबाची सायकल.”

कोपऱ्यात बसलेली त्याची आई एकदम म्हणाली, “त्या नावानं लोक हसत होते रे बाबू. हसन्याचं नाव पाटीवर कायले लावतेस?”

त्यावर सगळे गप्प झाले. आम्हीसुद्धा. कारण ‘चोवीस इंची’ म्हणजे काय हे आमच्यातल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हते, आणि त्यावर लोक हसत का होते हे तर कोणालाच माहीत नव्हते.

चोवीस इंची म्हणजे काय?

आज सायकलचा इंच म्हटला की लोक चाक समजतात. लहान मुलांची वीस इंची, मोठ्यांची सव्वीस इंची, असे. जुन्या काळ्या डंडीच्या सायकलीचा हिशेब वेगळा होता. तिचे चाक बहुतेक सगळीकडे अठ्ठावीस इंचीच असायचे. फरक असायचा फ्रेमचा. पायडलचा आस जिथे बसतो तिथून सीटच्या खालच्या नळीच्या टोकापर्यंत जे अंतर, ते सायकलचे माप. बावीस इंची ही साधारण माणसाची आणि चोवीस इंची ही उंच माणसाची. दोन इंचांचा फरक ऐकायला काहीच वाटत नाही. पण डंडी तेवढीच वर जाते, सीट तेवढीच वर जाते आणि पाय तेवढाच अपुरा पडतो.

या मुलाचे वडील पाच फूट दोन इंच. १९८८ साली त्यांनी एका मास्तरांची जुनी अ‍ॅटलस घेतली, ती चोवीस इंची. उंच फ्रेमला गिऱ्हाईक कमी, म्हणून ती स्वस्त मिळाली, एवढेच कारण. सीट अगदी खाली बसवूनही त्यांचा पाय जमिनीला टेकत नसे. चढताना डाव्या पायडलवर एक पाय ठेवून दहा पावले सरपटत जायचे, मग टांग टाकायची. उतरायचे असले की पुलाचा कठडा किंवा मैलाचा दगड शोधायचा. पायडल खाली गेले की पायाचे फक्त बोट पोहोचे, म्हणून त्यांनी दोन्ही पायडलांना लाकडाच्या पट्ट्या तारेने बांधल्या होत्या.

गावाला हा तमाशाच होता. ज्या आळीतून जायचे त्या आळीची पोरे मागे पळत. वरच्या आळीत तर एका घरासमोर हमखास आवाज यायचा – “उतर रे, पडशील!” काळजीचा आवाज नव्हता तो. त्या घरासमोरून आपल्या लोकांनी सायकलवर बसून जाऊ नये, हा जुना नियम होता. कायद्याने तो कधीच संपला होता, म्हणून तो आता असा विनोदाच्या रूपात सांगितला जाई. हे त्या मुलाच्या आईने नंतर आम्हाला सांगितले. नवऱ्याने काय केले, असे विचारल्यावर म्हणाली, “थे उतरत नव्हते. उतराले जागाच नव्हती ना तिथं, पाय पुरत नव्हता.” आणि स्वतःच हसली.

समाजशास्त्रात एम.ए. करताना आम्ही सामाजिक गतिशीलतेवर टिपणे काढली होती. एखादा माणूस पाय न पुरल्यामुळे जातीच्या दारासमोर उतरत नाही, असे त्या टिपणांत कुठे नव्हते.

ती सायकल उघडली तेव्हा

विहारातला वाद तिथेच राहिला. दुकान नावाशिवायच सुरू झाले. पंधरा-वीस दिवसांनी आम्ही गेलो तेव्हा त्याने बाबांची सायकल गावाहून आणून शेडमध्ये उलटी ठेवली होती आणि एकेक भाग उघडत होता. आम्ही नावाचा विषय पुन्हा काढायला गेलो होतो. तो म्हणाला, “भाऊ, बसा. आधी हे पाहा.”

जुनी सायकल उघडताना काय पाहायचे असते ते त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा कळले. सीटचे कातडे मधोमध नव्हे, दोन्ही कडांना घासले होते. पायडलपर्यंत पाय पोहोचवण्यासाठी माणूस दर फेरीला एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे झुकत असला की असेच होते. पायडलचे रबर पुढच्या कडेला गुळगुळीत होते, मागे जवळजवळ नवे, म्हणजे सगळा जोर बोटांचा. क्रँकची कॉटर पिन एका बाजूची मूळची होती आणि दुसरी कुठल्यातरी लोखंडी खिळ्याला कानस मारून बनवलेली. कॉटर पिनची एक बाजू उतरती घासलेली असते. तो उतार बरोबर बसला नाही तर क्रँक हलते आणि प्रत्येक फेरीला ‘टक’ असा आवाज येतो. ही घरची पिन इतकी बरोबर घासली होती की, त्याने ती परत तशीच बसवली.

मग त्याने मागचे चाक काढले. जुन्या सायकलीच्या पुढच्या चाकाला बत्तीस आणि मागच्याला चाळीस तारा असतात, कारण ओझे मागे असते. तारा ठीक होत्या. पण रिंगच्या कडा ठिकठिकाणी आत दबल्या होत्या, एकाच बाजूच्या नव्हे, समोरासमोर दोन्ही. त्याने ट्यूब काढून हातात दिली. तिच्यावर इतकी ठिगळे होती की मूळचे रबर शोधावे लागत होते. आम्ही मोजली, एकतीस. त्यातली बहुतेक जोडीने होती, एकाशेजारी एक, बोटभर अंतराने.

आम्हाला त्यात काही विशेष वाटले नाही. काटेरी रस्ता, पंक्चर होणारच. तो म्हणाला, “काटा एकच भोक पाडते, भाऊ. दोन भोकं जोडीनं पडली म्हंजे काटा नाही. चाकात हवा कमी होती.”

हे जरा सविस्तर सांगतो, कारण पुढचे सगळे यावर उभे आहे. चाकात हवा पुरेशी असली की गिट्टीवर आदळल्यावर टायर थोडा दबतो आणि परत फुगतो. हवा कमी असली की टायर पार रिंगपर्यंत दबतो. मग मधली ट्यूब दगड आणि रिंगच्या दोन कडा यांच्यात सापडते आणि दोन्ही कडांना एकाच वेळी कापली जाते. म्हणून भोके दोन, शेजारी शेजारी. रिंगच्या कडाही त्याच धक्क्याने दबतात. एखाद-दुसऱ्या वेळी असे कोणाचेही होते. पण वर्षानुवर्षे मागच्याच चाकाला, जोडीजोडीने, याचा अर्थ माणूस कायमच कमी हवेवर सायकल चालवत होता.

“बाबाले सायकलीचं सारं समजत होतं,” तो म्हणाला. “कॉटर पिन घासनारा मानूस हवा भराले विसरन का? मले हेच समजून नाही राह्यलं.”

आईचे उत्तर

उत्तर त्याच्या आईकडे होते. ती दुपारी डबा घेऊन आली. पोराने ट्यूब दाखवली, जोडीची ठिगळे दाखवली आणि विचारले. तिने ट्यूब हातात घेतली आणि जरा वेळाने म्हणाली, “बिड्या.”

भंडारा-गोंदियाच्या वाचकांना बिडीचा हिशेब सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. सट्टेदार तेंदूपाने आणि तंबाखू मोजून देतो. घरी बाया पाने भिजवतात, फर्म्याने कापतात, तंबाखू भरून वळतात, दोऱ्याने बांधतात, पंचवीस-पंचवीसचे कट्टे करतात आणि माल कारखान्यात जमा होतो. तिथे तपासणारा बसलेला असतो. वाकडी, सैल, फुटकी बिडी तो बाजूला काढतो. ती ‘छाट’. छाटीचे पैसे मिळत नाहीत, आणि पान-तंबाखू मात्र आपल्या खात्यावर लागलेला असतो. मजुरी हजारावर ठरते, त्यामुळे टोपल्यातून थोडी छाट निघाली तरी आठवड्याचा हिशेब बिघडतो.

हा माणूस आपल्या बायकोच्याच नव्हे, तर मोहल्ल्यातल्या आठ-दहा घरांच्या बिड्या कॅरिअरवर टोपले बांधून लाखनीला पोहोचवत असे आणि येताना पाने-तंबाखू आणत असे. बाया आठ किलोमीटर चालत गेल्या असत्या तर त्यांचा अर्धा दिवस गेला असता, आणि अर्ध्या दिवसात काही शे बिड्या होतात. गावाचा रस्ता तेव्हा गिट्टीचा. वाळलेली बिडी ही कडक हवेच्या चाकावर गिट्टीवरून आठ किलोमीटर गेली की तळातले कट्टे फुटायचे.

“पहिल्या-पहिल्यानं लय छाट निंघे,” आई म्हणाली. “मंग थे मांगच्या चाकाची हवा कमी ठेवाले लागले. चाक नरम राह्यलं का टोपला हालत नाही. मी म्हनो, रोज पंचर होते, पैसे जाते. त थे म्हनत, पंचर झालं त एक ठिगर लागते, थे मी घरीच लावतो. छाट निंघाली त आठ घरच्या बायांचे पैसे कापते.”

पोरगा काहीच बोलला नाही. त्याने ट्यूब परत घेतली आणि नीट गुंडाळून ठेवली. आम्हीही काही बोललो नाही. विहारात दोन तास बोललो तेवढे पुरे होते.

निघताना आईनेच विषय काढला. “ठेव मंग तेच नाव,” ती म्हणाली. “हसनारे हसले. बिड्या त पोचल्या ना.”

आमच्या तीन मुद्द्यांचे काय झाले?

आता वादाकडे येतो. कार्यकर्त्यांनी हा भाग नीट वाचावा, कारण हेच मुद्दे दुसऱ्या गावात दुसऱ्या दुकानाच्या वेळी परत येणार आहेत.

पहिला मुद्दा ‘अ‍ॅटलस’चा. हे नाव सायकलवर होते हे खरे, पण ते कंपनीचे नाव. १९५१ साली हरियाणात सोनीपतला ही कंपनी सुरू झाली आणि तिच्या सायकली देशभर खेड्यापाड्यांत गेल्या. ३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनी, तिच्या साहिबाबादच्या कारखान्यातले काम थांबल्याची बातमी आली होती. एक तर दुसऱ्याच्या व्यापारी नावाने दुकान चालवणे कायद्याने अडचणीचे. त्याहून मोठी गोष्ट अशी की, फ्रेमवर नाव कंपनीचे असले तरी कॉटर पिन कानशीने घासणारा, पायडलला लाकूड बांधणारा आणि हवेचे गणित बसवणारा कंपनीतला कोणी नव्हता. लाखो अ‍ॅटलसपैकी ही एक वेगळी झाली, ती तिच्या मालकामुळे. गावाने तिला कंपनीचे नाव कधी दिलेच नाही. गाव तिला ‘चोवीस इंची’ म्हणत होते.

दुसरा मुद्दा आमचा, महापुरुषाच्या नावाचा. त्यावर तो जे बोलला ते जसेच्या तसे देतो. “उद्या कोनी उधारी बुडवन, माहं त्याच्यासंग भांडन होईन. एखाद्या दिवशी माह्या हातून काम बिघडन. मंग तो चौकात म्हनन, अमक्याच्या नावाच्या दुकानात फसवते. थे बोल बाबासाहेबाले लागन का मले? माह्या कामाचे बोल मलेच लागले पाह्यजे.”

आम्हाला तेव्हा हे पळवाट वाटले होते. आता वाटत नाही. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ साली दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीत मराठी पाटी सक्तीची झाली, आणि त्याच दुरुस्तीत दारूविक्री होते त्या ठिकाणांना महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावे द्यायला बंदी आली. सायकलच्या दुकानाला अशी बंदी नाही आणि ती असण्याचे कारणही नाही. पण जिथे कायदा बोलत नाही तिथे माणसाने स्वतः विचार करायचा असतो, आणि तो या पोराने आमच्याआधी केला. नाव आदरणीय असले म्हणजे त्याखालचे काम आपोआप नीट होत नाही. आपल्याकडे महामानवांच्या नावाच्या किती संस्था आहेत आणि त्यातल्या किती नावाला जागतात, हे आपण सगळे जाणतो.

तिसरा मुद्दा सगळ्यात गंभीर. नाव तटस्थ आहे, म्हणजे हा ओळख लपवतो आहे का? विहारात एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने हे सरळ विचारले होते. याचे उत्तर दुकानात जाऊन पाहावे. समोरच्या भिंतीवर बाबासाहेब आणि तथागतांचे फोटो आहेत, रस्त्यावरून दिसतील असे. ओळखीचा माणूस आला की तो ‘जय भीम’ घालतो, इतर गिऱ्हाईक उभे असले तरी. ओळख लपवणाऱ्याची ही लक्षणे नाहीत. ‘स्टार’ हे नाव ठेवले असते तर ते लपवणे झाले असते, कारण त्या नावामागे कोणीच नाही. ‘चोवीस इंची’च्या मागे एक माणूस आहे आणि तो कोणत्या मोहल्ल्यातला होता हे त्या पंचक्रोशीत सगळ्यांना माहीत आहे.

आमचा गोंधळ इथेच होता. आमच्या डोक्यात दोनच खाने होते, एकतर चळवळीचे नाव, नाहीतर लपवाछपवीचे नाव. १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब याच भंडाऱ्यातून उभे होते हे आम्ही प्रत्येक भाषणात सांगतो. १९८३ साली कांशीरामजींनी ‘डीएस-४’च्या झेंड्याखाली सायकल यात्रा काढली हेही सांगतो. या पोराचे आजोबा १९५६ ला पायी नागपूरला दीक्षेला गेले होते, ऐंशीहून जास्त किलोमीटर. तेही एकदा आम्ही त्याच्याकडून ऐकून भाषणात वापरले. पण त्याच घरातला मधला माणूस वर्षानुवर्षे आठ घरांच्या बिड्या नरम चाकावर पोहोचवत होता, त्याला ठेवायला आमच्याकडे खानाच नव्हता. तो भाषणात बसत नव्हता. त्याने मोर्चा काढला नाही, तो कधी तुरुंगात गेला नाही. जात ही केवळ श्रमाची नव्हे, तर श्रमिकांचीही विभागणी आहे, हे बाबासाहेबांचे प्रतिपादन आम्ही परीक्षेत लिहिले होते. पण एका श्रमिकाने आपल्या कामात किती डोके लावले होते, हे पाहायला आम्हाला त्याची फाटकी ट्यूब हातात घ्यावी लागली.

पाटी लागल्यानंतर

एक गोष्ट आम्हाला अनपेक्षित होती. हे नाव त्या पोराला कामात बांधून ठेवते. वडिलांची सायकल आज दुकानात भिंतीवर टांगलेली आहे, रस्त्यावर चालत नाही. कारण उघडताना त्याला पुढच्या बाजूला खालच्या नळीवर, हँडलच्या नळीला ती मिळते तिथे, खालून रंगाला सुरकुती दिसली. तिथे बोट फिरवले की लोखंडालाही घडी पडल्याचे लागते. कधीतरी समोरून जोरात धडक बसली असणार. अशी फ्रेम वरून धड दिसते आणि एक दिवस अचानक मोडते. वेल्डिंग करून घे, असे अनेकांनी सुचवले. जुन्या फ्रेमचे सांधे पितळेने भरलेले असतात. तिथे वेल्डिंगची आग लागली की पितळ वितळते आणि सांधाच कच्चा होतो. गिऱ्हाइकाच्या फ्रेमला तो असे वेल्डिंग करून देत नाही. गिऱ्हाईक हट्ट धरू लागले की भिंतीकडे बोट दाखवतो, “बाबाचीच नाही केली जी, तुमची कशी करू?”

आमच्यासमोर एक प्रसंग घडला. मुरमाडीकडची एक शाळकरी मुलगी सायकल घेऊन आली. सरकारी योजनेतून मिळालेली, वर्षभराचीही नाही. तिसऱ्यांदा पंक्चर, तेही एकाच आठवड्यात. आधी दुसरीकडे काढले होते. ट्यूब खराब आहे, नवी टाका, असे तिला तिथे सांगितले होते. याने ट्यूब पाण्याच्या घमेल्यात दाबली, बुडबुडा सापडला. जुने ठिगळ होते त्याच्या अगदी शेजारी, एकच भोक. मग त्याने ट्यूब बाजूला ठेवली आणि टायरच्या आतून, ट्यूबचे भोक जिथे येते त्या जागी, चिंधी फिरवली. चिंधी अडकली. बाभळीच्या काट्याचे टोक टायरमध्येच मोडून राहिले होते, बाहेरून दिसत नव्हते. आधीच्या माणसाने ट्यूबला ठिगळ लावले आणि काटा तसाच ठेवला. ट्यूब जरा सरकली की शेजारी नवे भोक.

त्याने चिमट्याने काटा काढून मुलीच्या तळहातावर ठेवला. ट्यूब कानशीने घासली, सोल्युशन लावले आणि लगेच ठिगळ न चिकटवता थांबला. मुलीला शाळेची घाई. म्हणाला, “याची चमक गेली का मंग लावाचं. ओलं लावलं त उद्या पुन्हा येशीन.” चार-पाच मिनिटे गेली. ठिगळ लागले, हवा भरली. वीस रुपये घेतले. नवी ट्यूब विकली असती तर जास्त मिळाले असते.

मुलीने पाटीकडे पाहून विचारले, “दादा, माही सायकल किती इंची आहे?” त्याने टेप काढला आणि मोजून दाखवले.

आणखी एक सांगून थांबतो. मागच्या महिन्यात त्याच्या गावचे एक म्हातारे गृहस्थ नातवाची सायकल घेऊन आले. वरच्या आळीचे. “उतर रे, पडशील” म्हणणाऱ्या घरांपैकीच एक घर, असे आईने नंतर सांगितले. त्यांनी पाटी वाचली, मग भिंतीवरची सायकल पाहिली, मग पोराकडे पाहिले. म्हणाले, “ही त्याची... तुह्या बाबाची का?”

“हो जी,” तो म्हणाला. “बसा. दहा मिनिटं लागतीन.”

म्हातारे बाकावर बसले. बाबासाहेबांच्या फोटोखालीच बाक आहे, दुसरी जागा नाही. काही बोलले नाहीत. त्यांचे मन बदलले वगैरे आम्ही म्हणणार नाही. आम्हाला ते माहीत नाही आणि त्या पोराला त्याची गरजही नाही. सायकल झाली, पैसे दिले, गेले.

विहारातल्या त्या रविवारी आम्ही ज्या मुलाला नाव सुचवायला बसलो होतो, त्याची आम्ही इथे जाहीर माफी मागतो. आणि त्या दिवशी हजर असलेल्या आमच्या साथींना एक विनंती. पुढच्या बैठकीत प्रत्येकाने आपल्या आई-वडिलांचे एक अवजार घेऊन या. फर्मा असेल, विळा असेल, थापी असेल, झाडू असेल. ते कुठे घासले आहे आणि का, हे घरी विचारून या. पोरगा ती ट्यूब आणतो म्हणाला आहे.

जय भीम.